तिघांनी लिहायचं, आवाज एकाचा

देवगडचा हापूस थेट घरपोच विकणारा एक छोटा व्यवसाय डोळ्यासमोर आणू. कोणा एकाचा नव्हे, अशा अनेकांचा मिळून बनलेला. मार्चपासून मे अखेरपर्यंत त्यांच्या इन्स्टाग्राम पानावर रोज काही ना काही जातं. बागेतले फोटो एकजण टाकतो, ऑर्डरी घेणारी मुलगी साठा आणि भाव कळवते, जाहिरातीचं तिसरा बघतो. पहिली पेटी पुण्यात पोहोचते त्या दिवशी तिघं तीन कॅप्शन लिहितात. एक म्हणतो, ‘अस्सल देवगड हापूस आपल्या सेवेत सादर. इच्छुकांनी त्वरित संपर्क साधावा.’ दुसरी लिहिते, ‘मंडळी, पेट्या आल्या! उचला पटापट!!!’ तिसऱ्याचं असं : ‘मँगो लव्हर्स, वेट इज ओव्हर! लिमिटेड स्टॉक.’

यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. पण आठवडाभर हे पान वाचणाऱ्या गिऱ्हाइकाला आपण नक्की कोणाशी बोलतोय ते कळत नाही. आधी पैसे भरून न पाहिलेली पेटी मागवायची असते, तेव्हा हा गोंधळ विश्वासावर येतो. त्यावरचा उपाय म्हणजे ब्रँडच्या आवाजाची मार्गदर्शिका. लिहिणारे कितीही असोत, बोलणारा एकच वाटावा यासाठी लिहून काढलेले निर्णय, एवढाच तिचा अर्थ.

बहुतेक ठिकाणी ही मार्गदर्शिका पहिल्याच पानावर फसते. ‘आमचा आवाज आपुलकीचा, विश्वासार्ह आणि आधुनिक आहे,’ असं लिहून लोक मोकळे होतात. वरच्या तिघांना विचारा. तिघंही आपापलं कॅप्शन आपुलकीचंच आहे म्हणतील. विशेषणाला कुंपण लागतं. मेलचिंप या अमेरिकन कंपनीने आपल्या मार्गदर्शिकेत हे चांगलं साधलं होतं : प्रत्येक गुणापुढे तो कुठे थांबतो तेही लिहिलं. मोकळेपणा हवा, पण गबाळेपणा नको. जाणकारी हवी, पण हुकूमत नको, अशा धर्तीवर. आपल्या आंबेवाल्यांनी तसंच ठरवलं : ‘घरच्यासारखं बोलू, पण सलगी करणार नाही. फळाबद्दल जाणकारीने सांगू, पण शिकवणी घेणार नाही.’ दोनच गुण. माझ्या मते तेवढे पुरतात, कारण पाच-सहा गुण घाईत कोणाच्या लक्षात राहत नाहीत.

हे गुण हवेतून काढायचे नसतात. गेल्या हंगामातली तीसेक कॅप्शनं फोटो आणि लिहिणाऱ्याचं नाव काढून कागदावर छापावीत आणि सगळ्यांनी वेगवेगळं बसून ‘हे आपलं वाटतं’ अशा ओळींवर खूण करावी. जिथे खुणा जुळतात तिथे आवाज आधीपासूनच असतो. आपल्या उदाहरणात खुणा जमल्या त्या बागेतल्या माणसाच्या साध्या ओळींवर : मोहोर कधी आला, अवकाळी पावसाने काय झालं, अढीत आंबा किती दिवस ठेवायचा. ‘अस्सल’, ‘अप्रतिम’, ‘स्वर्गीय चव’ यांवर कोणाचीच खूण नव्हती.

यानंतरचं काम मराठीत जास्त किचकट आहे. इंग्रजीत एका ‘यू’वर भागतं, आपल्याला तू, तुम्ही, आपण यांतून निवडावं लागतं, आणि ही निवड क्रियापदापर्यंत उतरते : ‘मागव’, ‘मागवा’, ‘मागवावे’. ‘सांगितले’ लिहायचं की ‘सांगितलं’, ‘आले आहेत’ की ‘आलेत’, हेही ठरवावं लागतं. एकाच कॅप्शनमध्ये ‘आपण ऑर्डर करा, तुम्हाला उद्या मिळेल’ असं झालं, तर ते दोन माणसांनी लिहिल्यासारखं वाटतंच. आंबेवाल्यांनी ठरवलं : नेहमी ‘तुम्ही’, बोलीतलं ‘सांगितलं’, आकडे देवनागरी. ऑर्डर, डिलिव्हरी, बॉक्स हे शब्द लोक वापरतात म्हणून चालतील, पण अख्खं इंग्रजी वाक्य नको. उद्गारचिन्ह जास्तीत जास्त एक. आणि इन्स्टाग्रामवर आधी कॅप्शनच्या सुरुवातीच्या ओळीच दिसत असल्याने बातमी पहिल्या वाक्यात.

त्याच कागदावर एक रकाना पुराव्याचाही हवा. ‘देवगड’ हा शब्द फक्त तिथल्याच बागेच्या पेटीला. ‘कार्बाइडमुक्त’ म्हणून मिरवायचं नाही, कारण कार्बाइडने फळ पिकवायला कायद्यानेच बंदी आहे. त्याऐवजी ‘गवताच्या अढीत पिकवलेला’ असं खरं ते सांगायचं.

मार्गदर्शिकेचा जीव मात्र जोड्यांमध्ये असतो : आधीचं वाक्य आणि त्याशेजारी दुरुस्त वाक्य. माणसं नियम वाचून लिहीत नाहीत, नमुना पाहून लिहितात. सुरुवातीच्या तिन्ही कॅप्शनांशेजारी हे एक ठेवलं गेलं : ‘पहिल्या ४० पेट्या आज पुण्यात आल्या. फळ अजून हिरवट आहे. घरी गवतात चार-पाच दिवस ठेवा. देठापाशी वास सुटला की कापा.’ यात एकही विशेषण मालाची स्तुती करत नाही, तरी लिहिणाऱ्याला आंबा कळतो हे दिसतं.

आवाज एकच ठेवायचा, पण सूर प्रसंगाप्रमाणे बदलायचा, आणि तो कसा बदलायचा हे आधी लिहून ठेवायचं. आंब्याच्या धंद्यात कसोटीचा प्रसंग म्हणजे साका. फळ बाहेरून निर्दोष असतं, कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा आंबट गर निघतो. तक्रारी येऊ लागल्या की घाबरलेला कर्मचारी एकदम सरकारी भाषेत शिरतो : ‘झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ नमुना म्हणून मार्गदर्शिकेत हे आहे : ‘गेल्या आठवड्यातल्या काही पेट्यांत साका निघाला. तो बाहेरून ओळखू येत नाही, पण फळ आम्ही पाठवलं होतं, तेव्हा जबाबदारी आमची. कापलेल्या फळाचा फोटो पाठवा. तेवढी फळं पुढच्या पेटीत जास्त देऊ.’ आधी घडलेलं, मग जबाबदारी, मग भरपाई. इमोजी नाही, हॅशटॅग नाही, आणि त्या दिवशी विक्रीची दुसरी पोस्टही नाही.

मार्गदर्शिका चालते की नाही हे तपासायची रीत सोपी आहे. तिघांना एकच फोटो द्यायचा, नावं झाकायची आणि चौथ्याला कोणी काय लिहिलं ते ओळखायला सांगायचं. तो सहज ओळखत असेल, तर कशावरून ते विचारायचं. ‘ही नेहमी तीन उद्गारचिन्हं देते,’ असं उत्तर आलं, तर नियम आहे पण पाळला जात नाही. ‘हा वाक्यं फार लांब लिहितो,’ असं आलं, तर नियमच राहून गेलाय. तो त्याच दिवशी घालायचा.

उलट बाजूचा धोकाही असतो. नमुने इतके पाठ होतात की सलग दहा कॅप्शनं ‘आज’नेच सुरू होतात आणि ‘कापा’वर संपतात. हा आवाज नव्हे, साचा आहे. दर पंधरवड्याला पानावरची कॅप्शनं ओळीने मोठ्याने वाचली की तो लगेच कानाला कळतो. मग जुने नमुने काढून नवे घालायचे. हे काम आणि पोस्ट करण्याआधीचं शेवटचं वाचन एकाच माणसाकडे असावं. इथे ते ऑर्डरी घेणाऱ्या मुलीकडे दिलं, कारण गिऱ्हाइकं फोनवर काय विचारतात, कोणत्या शब्दांत विचारतात, हे तिलाच रोज ऐकू येतं. मार्गदर्शिका दोन पानांवर गेली तर तिने काहीतरी वगळायचं, हाही त्यातलाच एक नियम आहे.