चित्रातलं सुडोकू, मजकुरातलं सुडोकू

स्क्रीनशॉटमधलं कोडं सोडवायला घेण्याआधी ते मजकुरात उतरवावं लागतं: रिकाम्या घराला टिंब, प्रत्येक ओळीत बरोबर नऊ चिन्हं. एका प्रसिद्ध कोड्याची पहिली ओळ अशी:

```
53..7....
```

दिलेले अंक एकूण 30. आता 7 चुकून 1 वाचला, तर पाचव्या स्तंभात दोन 1 येतात आणि चूक लगेच सापडते.

सरकलेला अंक मात्र लबाड. तिसरी ओळ `.98....6.` ऐवजी `.98...6..` लिहिली, तरी चिन्हं नऊच, अंक तीसच आणि पुनरावृत्तीही नाही! म्हणून चित्र स्तंभांनुसार पुन्हा वाचायचं. आठव्या स्तंभात चित्र 6, 8, 7 दाखवतं. मजकुरात फक्त 8, 7 उरतात.