गाठ फुटली, म्हणजे रोग गेला?

शेळ्या-मेंढ्यांच्या कानामागे, जबड्याखाली, खांद्यापुढे किंवा कासेवर टणक, बहुधा न दुखणारी गाठ येते. अशी गाठ पुष्कळदा 'केशियस लिम्फॅडेनायटिस' या जिवाणूजन्य रोगाची असते. हा जिवाणू बारीकशा जखमेतून आत शिरतो आणि लसिकाग्रंथीत ठाण मांडतो. गाठ दिसायला काही महिनेही लागतात.

गैरसमज : गाठ आपोआप फुटू द्यावी.
वस्तुस्थिती : कळपाला खरा धोका गाठीतल्या पुवाचाच आहे. गाठ गोठ्यात फुटली, की घट्ट, पांढरट-हिरवट पू गव्हाणीला, खांबांना आणि मातीला लागतो. तिथे जिवाणू कित्येक महिने जिवंत राहतात आणि दुसऱ्या जनावराच्या खरचटलेल्या कातडीतून आत शिरतात. लोकर कातरताना तीच कात्री फिरली, तर मेंढ्यांत रोग झपाट्याने पसरतो.

गैरसमज : इंजेक्शनने गाठ जिरते.
वस्तुस्थिती : पुवाभोवती जाड आवरण असते. प्रतिजैविक त्यातून पुरेसे आत पोचत नाही, म्हणून इंजेक्शन देऊनही गाठ तशीच राहते.

गैरसमज : गाठ दिसली, की लगेच चिरावी.
वस्तुस्थिती : समजा, एका शेळीच्या खांद्यापुढे लिंबाएवढी गाठ आली. त्याच दिवशी तिला वेगळी बांधा आणि पशुवैद्यकाला दाखवा. जबड्याखाली मऊ, पाणी भरल्यासारखी सूज असेल, तर ती जंतांमुळेही आलेली असू शकते. ती चिरायची नसते. गाठ पिकली, की तिच्यावरचे केस गळतात, कातडी पातळ होते आणि मध्यभाग मऊ लागतो. फोडण्याची वेळ ती. मानेत आणि कानाखाली मोठ्या रक्तवाहिन्या व नसा असतात, म्हणून तिथला चिरा पशुवैद्यकानेच द्यावा.

गाठ फोडताना शेळी गोठ्यापासून दूर, प्लॅस्टिकच्या कागदावर उभी करावी. हातमोजे घालावेत, कारण क्वचित माणसालाही लागण होते. केस काढून चिरा गाठीच्या खालच्या बाजूला देतात, म्हणजे पू आत साचत नाही. आतली पोकळी पाण्यात पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडीनने धुतात आणि जखम भरेपर्यंत हेच रोज करतात. पू, कापूस, मोजे आणि कागद जाळावेत. हत्यार आधी धुऊन मग उकळावे.

गैरसमज : जखम सुकली, शेळी बरी झाली.
वस्तुस्थिती : जखम पूर्ण भरेपर्यंत, साधारण तीन-चार आठवडे, ती वेगळीच ठेवा. त्यानंतरही जिवाणू शरीरात राहू शकतो. फुप्फुसात गाठी झाल्या, तर बाहेर काहीच दिसत नाही. जनावर चारा खाऊनही खंगत जाते आणि खोकल्यातून रोग पसरवते. पुन्हापुन्हा गाठी येणारे जनावर पैदाशीसाठी ठेवू नये आणि दुसऱ्याच्या कळपातही विकू नये. नवे जनावर आणताना जबड्याखाली, खांद्यापुढे, मांडीपुढे आणि कासेवर हात फिरवून पाहावे. अशीच तपासणी आपल्या कळपात दर महिन्याला केली, तर गाठ फुटण्याआधीच हाती लागते.