‘करावा’चे काय करावे?

प्रगतिपुस्तकाची भाषांतरे : लेखांक ७

‘वर्तणूक’ या रकान्याचा परामर्श या आठवड्यात घेण्याचे मी कबूल केले होते आणि त्यासाठी टाचणेही काढून ठेवली होती. परंतु मध्यंतरी सांगलीकडच्या एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचे पत्र आले आणि त्या चार ओळींच्या पत्राने माझा सगळा बेत मोडला. मराठीत थट्टा ठरणारी ‘चेष्टा’ हिंदीत प्रयत्न होऊन बसते, किंवा आपला ‘अभ्यास’ तिकडे केवळ सराव उरतो, हे गेल्या खेपेचे विवेचन बाईंना मान्य आहे. मात्र त्यांचे म्हणणे असे की, फसवे शब्द एकदा पाठ झाले म्हणजे त्यांचे भय संपते. “आम्ही शिक्षकांनी जन्मभर ‘सराव करावा’, ‘अक्षर सुधारावे’, ‘पालकांनी लक्ष द्यावे’ असेच शेरे लिहिले,” त्या लिहितात, “या ‘करावा’चे हिंदी तुम्ही काय करता, ते आधी सांगा.” ‘वर्तणूक’ थांबेल, हा प्रश्न थांबण्यासारखा नाही.

मराठीतला विध्यर्थ हा मोठा सभ्य प्रकार आहे. लग्नपत्रिकेत ‘अगत्य येण्याचे करावे’ म्हणतो तोही विध्यर्थ, आणि पत्राच्या शेवटी ‘कळावे, लोभ असावा’ म्हणतो तोही विध्यर्थच. त्यात कर्तव्य आहे, इच्छा आहे, विनंती आहे, आणि यांपैकी नेमके काय अभिप्रेत आहे हे वाचणाऱ्याच्या शहाणपणावर सोडून देण्याची एक सोय आहे. ‘पालकांनी लक्ष द्यावे’ हे वाक्य वाचून मराठी पालक सहसा दुखावत नाही, कारण ‘तुम्ही लक्ष देत नाही’ असे त्यात कोठेही म्हटलेले नसते. यापुढे काय व्हायला हवे एवढेच सांगून वाक्य बाजूला होते.

आता हेच हिंदीत उतरवायला बसणारा मनुष्य, आणि पहिली काही वर्षे मीही त्यांतच होतो, डोळे मिटून ‘चाहिए’ला हात घालतो. ‘अभिभावकों को ध्यान देना चाहिए।’ व्याकरणात काही चूक नाही. तरीही ज्या घरात हे वाचले जाते तेथे त्याचा अर्थ ‘ध्यान द्यायला हवे होते, दिले नाही’ असाच उमटतो, कारण एका माणसाने दुसऱ्याच्या कर्तव्याविषयी ‘चाहिए’ म्हटले की त्यातून उपदेशाचा स्वर निघतो आणि उपदेशामागे दोषारोप उभा असतो. बरे, ‘चाहिए’ टाळून ‘कृपया ध्यान दें’ लिहावे, तर ते फलाटावर उभे राहून ‘यात्रीगण कृपया ध्यान दें’ ऐकल्यासारखे होते. शिष्टाचार पूर्ण पाळला जातो, पण तो सर्व प्रवाशांना मिळून. आपल्या मुलाविषयी कोणी काही सांगत आहे असे त्या आईला मुळीच वाटत नाही.

येथे थोडे विषयांतर करण्याची मुभा घेतो, कारण हा माझ्या आवडीचा कोपरा आहे. आपला ‘-आवा’ हा प्रत्यय संस्कृतातल्या ‘-तव्य’ या प्रत्ययापासून आला; ‘कर्तव्य’ झिजत झिजत ‘करावा’ झाला. गुजरातीने त्याच प्रत्ययातून ‘करवुं’ हे साधे क्रियावाचक रूप घडविले. आज आपण जिला प्रमाण हिंदी म्हणतो, तिच्यात या प्रत्ययाची अशी विध्यर्थी रूपे उरली नाहीत आणि तिने ती उणीव ‘चाहिए’ने भरून काढली. पण पूर्वेकडे गेले की तोच ‘-तव्य’ पुन्हा भेटतो, आणि भेटतो तो भविष्यकाळाच्या वेषात : अवधीत आणि भोजपुरीत ‘हम करब’ म्हणजे ‘मी करीन’. आपल्याकडे जे ‘करावे’ होऊन दुसऱ्याला सांगितले जाते, ते तिकडे ‘करब’ होऊन स्वतःच्या तोंडून वचन म्हणून निघते.

ही व्युत्पत्ती मला पुस्तकातून ठाऊक होती. तिचा प्रत्यय आला तो भिवंडीत. यंत्रमागावर काम करणाऱ्या एका गृहस्थाचा मुलगा मराठी शाळेत तिसरीला होता. घरात भोजपुरी, वडिलांना हिंदी वाचता येई, आईला ऐकून समजे. मुलाच्या वर्गशिक्षिकेने प्रगतिपुस्तकातील शेऱ्याची हिंदी प्रत करून देण्याची गळ मला घातली. शेरा असा होता : ‘गणितात कच्चा. हातच्याची वजाबाकी चुकतो. वर्गात लक्ष नसते. पालकांनी रोज अभ्यास घ्यावा.’ चार वाक्यांपैकी एकही खोटे नव्हते, आणि बाई तर मनाने इतक्या मृदू की हे वाक्य कोणाला टोचेल ही कल्पनाही त्यांना नव्हती.

माझा पहिला मसुदा पाहा : ‘गणित में कमज़ोर है। घटाने में ग़लती करता है। कक्षा में ध्यान नहीं देता। अभिभावकों को रोज़ पढ़ाना चाहिए।’ शब्दशः पाहिले तर हे बिनचूक आहे, आणि मोठ्याने वाचले तर ते एक आरोपपत्र आहे. मराठीतले ‘लक्ष नसते’ हे वाक्य लक्षाविषयी बोलते, ‘ध्यान नहीं देता’ हे मुलाविषयी बोलते. मूळ शेऱ्यात नसलेला गुन्हेगार भाषांतराने उभा केला. शिवाय ‘अभ्यास घेणे’ हा खास आपला वाक्प्रचार. त्याचे ‘पढ़ाना’ केले की ज्या आईला अक्षरओळख नाही तिच्यावर मास्तरकी लादली जाते. अभ्यास घेणे म्हणजे शिकविणे नव्हे. मुलाला समोर बसवून त्याच्याकडून करवून घेणे, आणि त्यासाठी ‘करवा लेना’ हे हिंदीत तयारच आहे.

मसुदा फाडला आणि बाईंकडे गेलो. मूळ शेरा लिहिणाऱ्याला चार प्रश्न विचारल्याखेरीज त्याचे सौम्य भाषांतर होत नाही, हे मी तेव्हा शिकलो. ‘कच्चा’ म्हणजे कशात? बाईंनी वही उघडून दाखविली. ५२ मधून २७ वजा करताना मुलाने उत्तर ३५ लिहिले होते. एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत म्हणून दशक सुटा करायचा, ते न करता त्याने सरळ ७ मधून २ वजा केले होते, आणि पुढच्या सर्व उदाहरणांत हीच एक चूक इमानेइतबारे केली होती. बेरीज? ती पक्की, हातच्याचीही. लक्ष केव्हा नसते? मधल्या सुट्टीनंतर. रोज किती उदाहरणे पुरेत? पाच. एवढा तपशील हाती आल्यावर शेरा असा झाला :

‘जोड़ बिना भूल के कर लेता है। घटाने के जिन सवालों में दहाई से उधार लेना पड़ता है, उनमें अभी भूल हो जाती है। दोपहर की छुट्टी के बाद मन कुछ भटकता है। घर पर रोज़ ऐसे पाँच सवाल अपने सामने करवा लें, तो हाथ जल्दी बैठ जाएगा।’

यात गोड शब्द एकही नाही, हे कृपा करून पाहावे. ‘प्यारा बच्चा’ नाही, ‘उज्ज्वल भविष्य’ नाही. सौम्यपणा आला आहे तो तीन ठिकाणी. ‘ग़लती करता है’च्या जागी ‘भूल हो जाती है’ आले, म्हणजे चूक मुलाच्या अंगावरून उतरून उदाहरणावर गेली. ‘चाहिए’ गेले आणि ‘करवा लें, तो’ आले. त्या ‘तो’मुळे आज्ञेला लगेच फळ लागले. आणि मध्ये ‘अभी’ आला.

या ‘अभी’विषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण मूळ मजकुरात तो नव्हता आणि भाषांतरकाराने पदरचे घालू नये हा दंडक मीही मानतो. परंतु प्रगतिपुस्तक सत्राचे असते. ‘वजाबाकी चुकतो’ म्हणजे या सत्रात चुकला, हे शाळेच्या रोजच्या व्यवहारातल्या मराठी वाचकाला न सांगता कळते. ‘ग़लती करता है’ हे मात्र घरी कागद उलगडून वाचणाऱ्याला स्वभाववर्णनासारखे ऐकू येते. म्हणून ‘अभी’ने मी काही वाढविले नाही, गळलेला काळ परत आणला. सावधगिरी एवढीच की त्याच्यापुढे ‘तक’ लागू देऊ नये : ‘अभी भूल हो जाती है’ यात धीर आहे, ‘अभी तक भूल हो जाती है’ यात वैताग आहे. तसेच ‘जोड़ बिना भूल के’ हे वाक्य बाईंनी वही पाहून सांगितले म्हणून लिहिले. बेरीजही चुकत असती तर त्या जागी मी दुसरी खरी गोष्ट शोधली असती, आणि ती मिळाली नसती तर जागा कोरी ठेवली असती.

पालकसभेच्या दिवशी वडिलांनी ती प्रत हलक्या आवाजात वाचली. आई ऐकत होती. शेवटच्या वाक्याला तिने मान वर केली आणि बाईंकडे पाहून म्हणाली, “कराइब, रोज कराइब.” ‘अभ्यास घ्यावा’तला आमचा ‘-आवा’ दोन हजार वर्षांचा फेरा घालून तिच्या तोंडी उतरला होता. बाईंना मी त्यातले व्याकरण समजावू लागलो, तर त्यांनी पुढच्या पालकांना आत बोलाविले.

मात्र या मार्गाला एक मर्यादा आहे आणि ती मला माझ्याच प्रमादाने कळली, तेव्हा तोही सांगून टाकतो. दुसऱ्या एका मुलीच्या शेऱ्यात ‘वारंवार गैरहजर’ असे दोनच शब्द होते. सौम्यतेचा मला तेव्हा इतका नाद लागला होता की मी लिहिले, ‘उपस्थिति थोड़ी और अच्छी हो सकती है।’ घरच्यांनी वाचले आणि ते समाधान पावले. उपस्थिती चांगली आहे, आणखी चांगली होऊ शकते, असाच त्याचा सरळ अर्थ होता. पुढच्या सत्रात मुलगी कोणा आप्ताच्या लग्नासाठी गावी गेली ती महिनाभर आलीच नाही, आणि शाळेने विचारले तेव्हा वडिलांनी माझीच प्रत पुढे केली.

‘थोड़ा और’ हे दोन शब्द एरवी फार गुणाचे आहेत. अक्षर, वाचन, टापटीप, अशा मोजता न येणाऱ्या गोष्टींना ते शोभतात. जेथे हजेरीपट बोलतो तेथे त्यांचे काम नाही. मी ती प्रत परत मागवून नवी केली : ‘इस सत्र में २३ दिन अनुपस्थित रही। जो पाठ छूट गए हैं, वे शाला में अलग से करवाए जाएँगे। अगले सत्र में गाँव जाना हो, तो पहले हमसे बात कर लें।’ यातील दुसरे वाक्य लिहिण्यापूर्वी सुटलेले पाठ खरोखरच घेतले जाणार आहेत ना, हे मी बाईंना विचारून घेतले. आकडा त्यांनी स्वतः हजेरीपटावरून पुन्हा मोजला, आणि तो २४ निघाला.