हेसियन : कागदावर वेगवान, यंत्रावर अवजड

नेहमीचे प्रशिक्षण फक्त उतार पाहते. न्यूटनची पद्धत तो उतार कसा बदलतो, म्हणजे वक्रताही पाहते आणि साध्या वाडग्यासारख्या फलनाचा तळ एका पावलात गाठते. ही वक्रता ज्या चौरस सारणीत मांडतात, ती हेसियन.

अडचण आकाराची आहे. ‘रेसनेट-५०’ या प्रतिमा ओळखणाऱ्या जाळ्यात सुमारे २ कोटी ५६ लाख प्राचल आहेत. सारणीतल्या नोंदी या संख्येच्या वर्गाइतक्या. प्रत्येकीला ४ बाइट धरले तर सुमारे २,६०० टेराबाइट! सारणी सममित म्हणून निम्मीच साठवली, तरी ती कुठल्याही जीपीयूत मावणार नाही. तिचा व्यस्त काढण्याचा खर्च तर प्राचलांच्या संख्येच्या घनाच्या प्रमाणात वाढतो.

माझ्या मते दुसरा दोष अधिक गंभीर आहे. x² − y² हे फलन घ्या. (1, 1) पासून न्यूटनचे पाऊल थेट (0, 0) वर, म्हणजे खोगीरबिंदूवर नेते. y च्या दिशेने खाली जायला वाट असूनही ते त्या दिशेत वर चढते, कारण तिथली वक्रता ऋण आहे. खोल जाळ्यांत अशा दिशा सर्रास आढळतात.

वक्रता वापरायचीच असेल, तर सारणी न मांडता तिचा एखाद्या सदिशाशी गुणाकार काढता येतो. बराक पर्लमटर यांनी १९९४ मध्ये दाखवलेल्या या रीतीचा खर्च उतार काढण्याच्या काही पटच असतो.