पन्हळ नेमकी कुठून सांडते?

कोकणातल्या जुन्या कौलारू घरांना बहुतेक वेळा पन्हळ नसायचीच. वळचण हात-दोन हात पुढे काढलेली असे, पागोळ्या थेट अंगणात पडत आणि चिऱ्यांच्या जोत्यालगतच्या चरातून पाणी उताराला लागे. आता घरे जवळजवळ आली, अंगणात फरशी आली, गाडीसाठी पत्र्याची शेड आली. छपराचे पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर किंवा स्वतःच्या दारात पडू नये म्हणून वळचणीखाली पत्र्याची किंवा पीव्हीसीची पन्हळ बसू लागली. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला की हीच पन्हळ भरून भिंतीवर ओतू लागते आणि घरमालक म्हणतो, "पन्हळ लहान पडली." पण बऱ्याच वेळा पन्हळ पुरेशी असते. अडचण तिच्या तोंडाशी किंवा तिच्या उतारात असते.

किती पाणी येते, याचा हिशेब सोपा आहे. रत्नागिरीकडचे एक साधे घर डोळ्यांसमोर आणावे. त्याच्या छपराची पुढची बाजू १२ मीटर लांब आणि आढ्यापासून वळचणीपर्यंत, जमिनीवर मोजली तर, ५ मीटर रुंद. म्हणजे ६० चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. हवामान खाते तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस झाला तर त्याला ढगफुटी म्हणते. तासभर असा पाऊस क्वचितच पडतो, पण त्याच वेगाची पाच-दहा मिनिटांची सर कोकणात नवी नाही. त्या सरीत या छपरावरून मिनिटाला १०० लिटर पाणी उतरते. सर दुप्पट जोराची असेल तर २०० लिटर.

हे सगळे पाणी पन्हळीच्या तळातल्या एका भोकातून खाली जायचे असते. उभ्या पाइपातून पाणी झपाट्याने खाली पडते, त्यामुळे पाइपाची क्षमता सहसा आधी संपत नाही. आधी संपते ती तोंडाची. पन्हळीत पाच सेंटिमीटर पाणी साठलेले असताना ७५ मिलिमीटर व्यासाच्या मोकळ्या भोकातून मिनिटाला साधारण दीडशे लिटर पाणी जाते. ५० मिलिमीटरच्या भोकातून जेमतेम सत्तर. भोक १०० मिलिमीटरचे केले तर हाच आकडा पावणेतीनशेच्या आसपास पोचतो. आता ७५ मिलिमीटरच्या तोंडावर फणसाची दोन पाने आडवी बसली आणि निम्मे भोक झाकले, की उरते मिनिटाला पाऊणशे लिटर. १०० लिटरच्या सरीलाही ते पुरत नाही.

पाने पावसाळ्यातच पडतात असे नाही. आंब्याचा मोहोर गळतो तो हिवाळ्याच्या अखेरीपासून. त्यावर उन्हाळ्यातली लाल माती बसते, कौलांवरचे वाळलेले शेवाळ सुटून येते. मे अखेरीपर्यंत पन्हळीच्या तळाशी बोटभर जाड थर तयार होतो आणि पहिली सर तो थर उचलून तोंडाशी नेऊन ठेवते. फणसाचे किंवा आंब्याचे पान तोंडावरच अडते, ते निदान दिसते तरी. गुलमोहराची बारीक पानोळी आणि सुरूच्या सुया मात्र आत शिरतात आणि पाइपाच्या वळणावर बसतात. पन्हळ वळचणीच्या टोकाला आणि पाइप भिंतीलगत असल्यामुळे मध्ये दोन एल्बो येतात. चोंदण्याची पहिली जागा तीच. दुसरी जागा पाइप जमिनीत शिरतो तिथला तळाचा एल्बो.

जाळी लावली की काम झाले, असा समज आहे. तोंडावर सपाट जाळी टाकली तर एकच पान तिला झाकणासारखे चिकटते. घुमटासारखी उंच जाळी बरी. बाजूंनी पाने चिकटली तरी वरून पाणी आत जात राहते. पूर्ण पन्हळीवर जाळी अंथरली तर मोठी पाने बाहेर राहतात, पण माती आणि सुया खाली जमतातच आणि साफ करताना जाळी काढावी लागते.

पन्हळ कुठे सांडते, यावरून दोष कळतो. भर पावसात छत्री घेऊन दहा मिनिटे अंगणातून पाहिले तरी पुरते. पाइपाजवळच पाणी ओसंडत असेल आणि पाइपाच्या खालच्या टोकाला बारीक धार असेल, तर तोंड किंवा वळण चोंदले आहे. पाइपाच्या वरच्या जोडातून पाणी उडत असेल, तर अडथळा त्या जोडाच्या खाली आहे. पन्हळीच्या मध्यावर सांडत असेल, तर तिथे ती झोळ खाऊन बसली आहे. पाऊस थांबून एक दिवस झाला तरी त्या जागी डबके आणि गाळाची रेघ दिसेल. आणि पन्हळ अर्धी रिकामी असूनही पाणी तिच्या पुढे पडत असेल, तर उताराच्या कौलांवरून ते वेगाने उडी मारून जाते आहे. अशा वेळी पन्हळ साफ करून काही होत नाही. कौलाची कड पन्हळीत पाचेक सेंटिमीटर यावी आणि पन्हळ कडेच्या फार खाली लोंबू नये, याची दुरुस्ती करावी लागते. दोन छपरे काटकोनात मिळतात त्या खाचेखाली पाणी एकवटून येते. तिथे पन्हळीच्या बाहेरच्या काठाला वीतभर पत्रा उभा लावतात.

उताराचे प्रमाण २०० ला १ ते १०० ला १, म्हणजे दर मीटरला अर्धा ते एक सेंटिमीटर. एवढा उतार डोळ्यांना दिसत नाही आणि वळचणीची लाकडी कड सरळ असेलच असे नाही, म्हणून तिला समांतर पन्हळ लावणे ही नेहमीची चूक. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी दोन्ही टोकांना धरून खुणा कराव्या, उतार मोजून दोरी ताणावी आणि त्या दोरीवर ब्रॅकेट बसवावे. ब्रॅकेटमधले अंतर साठ ते नव्वद सेंटिमीटर ठेवले तर ओल्या गाळाच्या वजनाने झोळ पडत नाही. जास्त उतार दिला तर जास्त चांगले, असेही नाही. १२ मीटरला १०० ला १ उतार दिला की एक टोक १२ सेंटिमीटर खाली जाते आणि तिथे पाणी पन्हळीपलीकडे उडू लागते.

म्हणून आपल्या त्या घरात एका टोकाच्या एका पाइपाऐवजी दोन्ही टोकांना ७५ मिलिमीटरचा एकेक पाइप द्यावा. मध्य तीन सेंटिमीटर उंच ठेवला की दोन्हीकडे २०० ला १ उतार मिळतो. प्रत्येक तोंडावर ३० चौरस मीटरचेच पाणी येते. साध्या सरीत मिनिटाला ५० लिटर, दुप्पट जोराच्या सरीत १००. दीडशेच्या तोंडाला ते झेपते. एक तोंड चोंदले तरी पाणी मध्याच्या उंचवट्यावरून दुसरीकडे वळते. शिवाय पन्हळीचा बाहेरचा काठ आतल्या काठापेक्षा सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर खाली असावा. मग सांडलेच तर पाणी अंगणात पडते, वाशांच्या टोकांवर आणि भिंतीत उतरत नाही.

साफसफाई मे अखेरीस एकदा आणि पहिल्या जोराच्या सरीनंतर पुन्हा करावी. शिडी पन्हळीला टेकवू नये, ती वाकते. आधी तोंडात कापडाचा बोळा घालावा, गाळ थापीने खरवडून बादलीत भरावा आणि मगच होज लावावा. बोळा न घालता पाणी मारले तर सगळा कचरा एल्बोत जाऊन बसतो. तिथे तो बसलेलाच असेल तर खालचा एल्बो सोडवून होज खालून वर सरकवत न्यावा, अडथळा सैल होऊन खाली येतो. शेवटी पाइपापासून सर्वांत लांबच्या जागी, म्हणजे मध्यावर, एक बादली पाणी ओतावे. पाणी कुठेही न थबकता खाली गेले आणि तळाशी नखभरही डबके उरले नाही, तर उतार बरोबर आहे. डबके राहिले तर त्याच जागचे ब्रॅकेट उचलून पुन्हा बादली ओतावी.