रविवारच्या पानासाठी तर्ककोडे

निवृत्त अभियंत्याने स्थानिक दैनिकाच्या संपादकांना ‘स. न. वि. वि.’ लिहून कुटुंबासाठी साप्ताहिक तर्ककोड्याचे सदर सुचवायचे ठरवले, तर पत्रातल्या प्रस्तावनेला फारसे महत्त्व नसते. संपादकांना एकच गोष्ट जाणून घ्यायची असते : छापलेल्या कोड्याचे उत्तर चुकले म्हणून सोमवारी सकाळी कार्यालयातला फोन खणखणणार तर नाही ना? म्हणून अशा पत्राचे खरे वजन असते ते त्याला जोडलेल्या नमुना कोड्यात, आणि ते कोडे किती कसून तपासले आहे यात.

शब्दकोडे सोडवायला शब्दसंग्रह लागतो. तर्ककोड्यात लागणारी सगळी माहिती कोड्यातच दिलेली असते, त्यामुळे आजी आणि पाचवीतली नात एकाच रेषेवरून सुरुवात करतात. कुटुंबासाठीचे सदर म्हणून ते सुचवण्यामागे हेच कारण असते.

एक नमुना घेऊ. दिवाळीच्या फराळाच्या चार वाट्या आहेत : चकली, करंजी, लाडू आणि शंकरपाळे. आजी, आई, बाबा आणि मीरा यांना एकेक वाटी मिळाली. सूत्रे तीन. पहिले, आजीच्या वाटीत चकली नाही आणि शंकरपाळेही नाहीत. दुसरे, बाबांच्या वाटीत चकली नाही आणि करंजीही नाही. तिसरे, मीराच्या वाटीत चकली नाही आणि लाडूही नाही. कोणाला काय मिळाले?

चार माणसांना चार वाट्या वाटण्याचे मार्ग ४ × ३ × २ × १, म्हणजे २४ होतात. हे मार्ग कमी करत न्यायचे साधन म्हणजे चौकोनी तक्ता : डावीकडे माणसे, वर पदार्थ, आणि जे शक्य नाही त्या घरात फुली. तिन्ही सूत्रांच्या फुल्या मारल्या की चकलीच्या स्तंभात फक्त आईचे घर मोकळे राहते. म्हणजे चकली आईची. उरलेल्या तिघांत आजीला करंजी, बाबांना लाडू आणि मीराला शंकरपाळे दिले, तर तिन्ही सूत्रे तंतोतंत पाळली जातात.

कोडे रचणाऱ्याच्या मनात हेच उत्तर होते. ते सूत्रांशी ताडून पाहिले, जुळले, आणि त्याने कागद पाकिटात घातला. घात होतो तो इथेच. आजीला लाडू, बाबांना शंकरपाळे आणि मीराला करंजी दिली, तरीही एकही सूत्र मोडत नाही. या कोड्याला दोन उत्तरे आहेत. छापल्यावर निम्मे वाचक एका उत्तरावर पोचतील, निम्मे दुसऱ्यावर, आणि दोघेही बरोबर असतील. आपले उत्तर सूत्रांत बसते हे दाखवणे पुरेसे नाही. दुसरे कुठलेही उत्तर बसत नाही हे दाखवावे लागते. पूल भार पेलतो का हे पाहताना अभियंता एकाच गाडीचा हिशेब करून थांबत नाही, तसेच हे.

दुरुस्तीसाठी चौथे सूत्र हवे. सहज सुचणारे सूत्र असे : बाबांना मिळालेला पदार्थ तळलेला नव्हता. करंजी, चकली, शंकरपाळे तळतात, म्हणजे राहिला लाडू. पण ज्या घरी बुंदीचा लाडू होतो, तिथल्या वाचकाला हे पटणार नाही, कारण बुंदी तळावीच लागते. ‘मीराला गोड पदार्थ मिळाला’ हे सूत्रही असेच फसवे, कारण शंकरपाळे खारेही असतात. बाहेरच्या माहितीवर टेकलेले सूत्र घराघरांतून वेगळे वाचले जाते. त्यापेक्षा कोरडे सूत्र बरे : लाडू बाबांच्या किंवा मीराच्या वाटीत आहे. मीराला तिसऱ्या सूत्राने लाडू नाही, म्हणून तो बाबांचा. मग आजीला करंजी, मीराला शंकरपाळे, आणि दुसरे उत्तर बाद होते.

यानंतर उलटी तपासणी करायची : एकेक सूत्र झाकून कोडे पुन्हा सोडवायचे. पहिले झाकले तर चार उत्तरे मिळतात, तिसरे झाकले तर तीन, चौथे झाकले तर पुन्हा दोन. दुसरे झाकले मात्र उत्तर एकच राहते. चौथे आल्यावर दुसऱ्याची गरजच संपली होती! ते काढावे की ठेवावे, हा रचणाऱ्याचा निर्णय. मुलांसाठी जादा सूत्र हाताला आधार देते. अवघड कोड्यात ते गाळावे. काठिण्य ठरवण्याची ही साधी आणि बऱ्यापैकी विश्वासू मोजपट्टी आहे.

मराठीत कोडे रचताना एक अडचण येते, ती इंग्रजीतून कोडी उतरवून घेणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. आपली क्रियापदेच उत्तर फोडतात. ‘बाबांनी घेतला तो पदार्थ’ म्हणण्याऐवजी ‘बाबांनी घेतला तो’ एवढेच लिहिले, तर चार पदार्थांत पुल्लिंगी एकवचन लाडूचेच आहे, हे चाणाक्ष वाचक पहिल्याच ओळीत ओळखेल. ‘करंजी खाणारी’ असे लिहिले की बाबा आपोआप गळतात. म्हणून वरच्या सूत्रांत सगळीकडे ‘वाटीत आहे’, ‘वाटीत नाही’ अशी रचना आहे. जिथे ती जमत नाही तिथे ‘व्यक्ती’ हा शब्द कामाला येतो; वाचायला तो जरा सरकारी वाटतो, पण गुपित राखतो.

आकाराबद्दल पत्रात स्पष्ट असावे. चार माणसे आणि एक गुण यांचे २४ मार्ग हाताने तपासता येतात. त्यात वाटीचा रंग हा दुसरा गुण घातला की मार्ग २४ × २४, म्हणजे ५७६ होतात, आणि तिथे संगणकाची मदत घेणे शहाणपणाचे.

याला एक बोलके उदाहरण आहे. हाँगकाँगमध्ये न्यायाधीश राहिलेले, मूळ न्यूझीलंडचे वेन गूल्ड यांना १९९७ मध्ये टोकियोच्या एका पुस्तकांच्या दुकानात सुडोकू दिसले. निवृत्तीनंतर त्यांनी अनेक वर्षे खर्चून सुडोकू तयार करणारा संगणकीय प्रोग्रॅम लिहिला, आणि लंडनच्या ‘द टाइम्स’ला कोडी विनामूल्य देऊ केली. १२ नोव्हेंबर २००४ रोजी तिथे पहिले सुडोकू छापले गेले. त्यांचा प्रस्ताव स्वीकारणे सोपे होते, कारण पैसे द्यायचे नव्हते आणि कोड्यांचा पुरवठा आटण्याची भीती नव्हती.

पुरवठ्याची हीच शंका आपल्या अभियंत्याबद्दलही येणार. उत्साहाची पहिली तीन कोडी कोणीही रचतो. म्हणून पत्रासोबत निदान दोन महिन्यांची, म्हणजे आठ कोडी तयार द्यावीत.

बक्षिसाचा मोह मात्र टाळलेला बरा. कोड्यांच्या बक्षीस स्पर्धांसाठी १९५५ चा केंद्रीय कायदा आहे आणि त्याने बक्षिसाच्या रकमेवर मर्यादा घातली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये हा कायदा जुगाराच्या स्वरूपाच्या स्पर्धांपुरताच आहे, कौशल्याच्या नव्हे, असे ठरवले. तर्ककोडे कौशल्याचेच, तरीही प्रवेशशुल्क नाही, रोख रक्कम नाही, फक्त अचूक उत्तरे पाठवणाऱ्यांची नावे छापायची, असे लिहिले की संपादकांना वकिलाला विचारावे लागत नाही.

शेवटी जागेचा आणि उत्तराचा प्रश्न. चार सूत्रे आणि रिकामा तक्ता एका स्तंभाच्या रुंदीत बसतात. तक्ता छापलाच पाहिजे, नाहीतर अर्धी घरे कागद-पेन्सिल शोधण्यातच सोडून देतात. उत्तर पुढच्या रविवारी, आणि नुसते नव्हे तर कोणत्या सूत्रावरून कोणती फुली पडली त्या क्रमाने. संपादकांना पाठवताना आठही उत्तरे वेगळ्या बंद पाकिटात ठेवावीत, म्हणजे निर्णय घेण्याआधी त्यांना एखादे कोडे घरी नेऊन स्वतः सोडवून पाहता येते.