अंशतः परतफेडीनंतर बँकेला लिहायचे पत्र

गृहकर्जात मोठी रक्कम भरली, तरी नवे परतफेड वेळापत्रक आपोआप मिळेलच असे नाही. म्हणून हप्ता वळता झाल्याच्या दिवशीच रक्कम भरून असे पत्र द्यावे:

‘५ एप्रिल २०२५ रोजी हप्ता गेल्यावर शिल्लक मुद्दल २४,००,००० रुपये होते. त्याच दिवशी ४,००,००० रुपये भरल्याने ते २०,००,००० झाले. व्याजदर ८.५ टक्के. मासिक हप्ता २५,००० रुपये कायम ठेवून मुदत कमी करावी व नवे वेळापत्रक द्यावे.’

या उदाहरणात उरलेले सुमारे १६२ हप्ते ११९ वर येतात. मुदत तीच ठेवली, तर हप्ता सुमारे २०,८३३ रुपये होतो. पण एकूण व्याज जास्त जाते. म्हणून पर्याय पत्रात स्पष्ट लिहावा.

मे महिन्याच्या हप्त्यातले व्याज तपासा. मासिक हिशेबाने ते १७,००० वरून सुमारे १४,१६७ रुपयांवर यायला हवे. तसे झाले नाही, तर रक्कम मुद्दलात वळती झाली नसून आगाऊ हप्ते म्हणून पडून असू शकते.

पत्राची पोच घ्या. तक्रार करूनही ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते.